तीनशे पानांची वास्तुशांत: एका जेवणाचा बेत कसा कापला, कसा बसवला

बेळगावच्या दक्षिणेकडच्या एका गावात अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होती. तीनशे पानं उठणार होती. जेवण शाकाहारी, आणि पूजेचं असल्यामुळे कांदा-लसणाशिवायचं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव होता आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये चुली. तिथीचा मुहूर्त चांगला, पण जेवणावळीच्या दृष्टीने अवघड. आपल्याकडे त्याच दिवशी बसवजयंतीची सुट्टी असते आणि त्यातच लग्नसराई. आचारी, वाढपी, भाड्याची भांडी, सगळ्यालाच ओढ. उन्हाचा पारा पस्तिशीच्या आसपास, आणि दुपारनंतर वळीव येण्याची धास्ती.

यजमानांनी लिहून आणलेल्या यादीत सोळा पदार्थ होते: पुरणपोळी, आमरस, पुरी, कटाची आमटी, वरण, पांढरा भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, भरली वांगी, मटकीची उसळ, भजी, कुरडई-पापड, काकडीची कोशिंबीर, कैरीची डाळ, लोणचं आणि मठ्ठा. यातला कुठलाही पदार्थ सणाच्या पानात शोभून दिसला असता. पण सोळा पदार्थ एकाच दुपारी, एकाच मांडवात, शंभर-शंभरच्या पंगतींत वाढायचे तर काय होतं, ते पैशाआधी वेळेच्या हिशेबातच कळतं.

मांडवात पंचवीस पानांच्या चार ओळी बसत होत्या. सवयीचा वाढपी पंचवीस पानांवर एक पदार्थ वाढायला साधारण दोन मिनिटं घेतो. बादली भरून परत यायला आणखी एक. म्हणजे एका पदार्थाची एका ओळीतली फेरी तीन मिनिटांची. सोळा पदार्थ गुणिले चार ओळी म्हणजे चौसष्ट फेऱ्या. वाढायला आठ माणसं धरली (पाण्याची दोन वेगळी), तर प्रत्येकाला आठ फेऱ्या, म्हणजे पहिली वाढच चोवीस मिनिटांची. तोवर पहिल्यांदा वाढलेला भात गार झालेला असतो, आमटीवर साय धरलेली असते आणि मुलांनी पापड संपवलेले असतात. त्यात जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, पानं उचलून मांडव पुसायला आणि पुन्हा पानं मांडायला दहा-बारा. एक पंगत तासाची झाली. साडेबाराला सुरुवात केली तर तिसरी पंगत अडीचला बसणार आणि शेवटचा पाहुणा साडेतीनला हात धुणार.

एक पदार्थ वाढला की प्रत्येक पंगतीत चार फेऱ्या वाढतात, म्हणजे एका माणसाची बारा मिनिटं. यजमानांना हे असं सांगितलं की लगेच उमगतं. ‘एखादी उसळ जास्त झाली तर काय बिघडतं’ या प्रश्नाचं उत्तर मटकीच्या भावात शोधून मिळत नाही, या बारा मिनिटांत मिळतं.

त्यामुळे यादी कापताना पदार्थ महाग की स्वस्त हे आधी पाहिलं नाही. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारले. जेवण चालू असताना याला तवा किंवा तळणीची कढई लागते का? आणि हा पाहुणे बसायच्या आधी पानावर जाऊ शकतो का?

पहिल्या प्रश्नात पुरी आणि भजी अडकली. माणशी चार पुऱ्या धरल्या तरी एका पंगतीला चारशे. मोठ्या कढईत एका घाण्याला सात-आठ पुऱ्या निघतात आणि घाणा पाऊण मिनिटाचा. अखंड तळलं तर तासाला साडेपाचशे-सहाशे. कागदावर हे जेमतेम जमतं. प्रत्यक्षात तेल गार पडतं, लाटणाऱ्या तिघींपैकी एक पाणी प्यायला उठते, आणि पुरी पंगतीत दहा मिनिटं उशिरा पोचते. तेवढ्यात माणसं भात कालवायला लागतात. मग आलेली पुरी तशीच पानावर राहते. पुरीची नासाडी मापापेक्षा या उशिरामुळे जास्त होते.

आमरसावर मात्र घरात चर्चा झाली. घरातल्या ज्येष्ठ काकूंचं म्हणणं होतं, “तीज आहे, पानात आंबा नको का?” मुद्दा खरा होता. पण चाळीस-पंचेचाळीस किलो आंबा, तो पिळायला माणसं, रस गार ठेवायला बर्फ, आणि पस्तीस अंशांत तासा-दीड तासात बदलणारी रसाची चव, हे सगळं शिवाय पुरी हवीच म्हणून परत तळणीपाशी येतं. पुरणपोळीबरोबर आमरस दिला तर दोन गोडं एकाच पानावर भांडतात. माणूस एक नीट खातो आणि दुसरं अर्धं टाकतो. शेवटी पिकलेल्या आंब्याऐवजी कैरी पानात राहिली, कैरीच्या डाळीच्या रूपात, आणि नैवेद्याच्या ताटात रसाची एक वाटी. काकूंनाही ते पटलं.

भरली वांगी गेली त्याचं कारण वेगळं. वांगं न खाणारी माणसं प्रत्येक पंगतीत असतात आणि भरलं वांगं अख्खं पानावर पडतं. नको असेल तर ते अख्खंच उरतं. बटाट्याची सुकी भाजी लहान मुलापासून आजोबांपर्यंत सगळे खातात, नको असेल त्याला अर्धा डाव वाढता येतो. मटकीची उसळ आणि वरण, दोन्ही कटाच्या आमटीपुढे जास्तीची होती. मसालेभातही गेला. भाताचे दोन प्रकार असले की माणूस दोन्ही थोडे थोडे घेतो, आणि ते दोन ‘थोडे’ मिळून त्याच्या भुकेपेक्षा जास्त होतात.

उरलं ते असं. पाहुणे बसण्याआधी पानावर: मीठ, लिंबाची फोड, लोणचं, कैरीची डाळ, कोशिंबीर, कुरडई-पापड. पाहुणे बसल्यावर: भाताची मूद, कटाची आमटी, तूप, बटाट्याची भाजी, पुरणपोळी. शेवटच्या भाताबरोबर मठ्ठा. बसल्यावर पाच पदार्थ गुणिले चार ओळी म्हणजे वीस फेऱ्या, आठ वाढप्यांना अडीच-अडीच. सात-आठ मिनिटांत पहिली वाढ पूर्ण. पानं उचलणं सहा मिनिटं, नवी पानं आणि डावी बाजू मांडणं आठ, वाढणं आठ, जेवण वीस. बेचाळीस मिनिटांची पंगत. साडेबारा, सव्वा एक आणि दोन अशा तीन पंगती बसतात आणि पावणेतीनला मांडव मोकळा होतो.

या बेतात जेवणाच्या वेळी चुलीवर फक्त पातेली आहेत. तव्याचं आणि तळणीचं सगळं काम अकराच्या आत संपतं. पुरणपोळी ठेवण्यामागचं खरं कारण हेच. पोळीला मेहनत पुरीपेक्षा जास्त लागते, पण ती मेहनत सकाळी उरकता येते. पोळी चार तास बसली तरी खायला तितकीच चांगली लागते, तूप गरम असलं म्हणजे झालं. पुरीला ते जमत नाही.

आता पोळ्यांचं माप. तीनशे पाहुण्यांत साठ-पासष्ट मुलं आणि वयस्कर माणसं, त्यांना अर्धं पान धरलं. शिवाय एक गोष्ट बऱ्याच हिशेबांतून निसटते. आचारी, वाढपी, पोळ्या करणाऱ्या बायका, मांडववाले आणि भटजी धरून वीसेक माणसंही तिथेच जेवतात. मोठ्या माणसाला पहिली अख्खी पोळी आणि त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या वाढीला अर्धी, मुलाला अर्धी. यातून सरासरी माणशी जवळपास सव्वा पोळी निघते आणि आकडा तीनशे नव्वदच्या घरात जातो.

मध्यम पोळीत साधारण पंचावन्न-साठ ग्रॅम पुरण जातं. एक किलो चणाडाळ आणि एक किलो गूळ यांचं अडीच किलोच्या आसपास घट्ट पुरण होतं, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस पोळ्या. त्यामुळे पुरणासाठी नऊ किलो डाळ, नऊ किलो गूळ, आणि वरच्या पारीसाठी मैदा-कणीक मिळून आठ किलो. आमटीत घोटायची दीड किलो डाळ याच पातेल्यात जास्तीची घातली.

डाळ रात्री भिजत घालून पहाटे साडेतीनला चुलीवर ठेवली. आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवण्याचा मोह होतो, कारण पहाटेची झोप वाचते. थंडीत ते चालतंही. वैशाखात मात्र रात्रभर ठेवलेला कट सकाळी फेसाळतो. वर बारीक बुडबुडे आणि नाकाला आंबूस वास आला की तो गेला, मग त्यात कितीही चिंच-गूळ घाला, आमटी सुधारत नाही. कट म्हणजे डाळीचं पाणी, आणि उबेत ते दुधासारखंच नाजूक. म्हणून डाळ पहाटेच शिजवायची, कट निथळला की लगेच एक खळखळून उकळी द्यायची आणि नऊच्या आत फोडणीला टाकायचा.

डाळ शिजली की नाही ते बोटांत दाबून बघायचं. मध्ये कण लागता कामा नये. कण असताना गूळ घातला तर डाळ पुढे शिजतच नाही, आणि तो कण पुरण वाटतानाही राहतो. मग पोळी लाटताना नेमकी तिथेच फाटते. गूळ घातल्यावर पुरण सैल होतं आणि पुन्हा घट्ट व्हायला वेळ घेतं. नऊ किलोच्या पातेल्यात तासभर धरावा, आणि ढवळणारा माणूस एकच असू नये, कारण बुडाला लागलेलं पुरण सगळ्या पातेल्याला करपट वास देतं. उलथनं मध्ये उभं राहिलं आणि पडलं नाही की चूल बंद. वाटायचं मात्र गरम असतानाच. गार पुरण यंत्रात दगडासारखं बसतं आणि वेळ दुप्पट जातो.

साडेसहाला तीन तवे लागले, प्रत्येक तव्यावर एक लाटणारी आणि एक भाजणारी. सवयीच्या जोडीकडून तासाला तीस-पस्तीस पोळ्या निघतात. तीन तव्यांवर तासाला शंभर, आणि साडेदहापर्यंत काम आटोपलं. इथे वेळेवर सर्वांत जास्त परिणाम पुरणाच्या घट्टपणाचा होतो. पुरण जरा सैल असेल तर दर पाचातली एक पोळी फुटते, तव्याला गूळ लागतो, तो खरवडेपर्यंत तवा रिकामा राहतो आणि तासाला शंभरच्या सत्तर होतात. पहिल्या दहा पोळ्यांतच हे दिसतं. दोन फुटल्या तर सगळं थांबवून पुरण पुन्हा पातेल्यात घालून आटवावं. त्यात वीस मिनिटं जातात, पण पुढचे दीड-दोन तास वाचतात.

भाजलेली पोळी लगेच डब्यात रचणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गरम पोळीची वाफ खालच्या पोळीत उतरते, पोळ्या एकमेकींना चिकटतात आणि दुपारी सोडवताना चिंध्या होतात. त्या चिंध्या पंगतीत वाढता येत नाहीत, म्हणजे नासाडी वाढायच्या आधीच झाली. इथे बाजेवर सुती धोतर पसरून प्रत्येक पोळी पाच-सात मिनिटं सुटी ठेवली. हाताला कोमट लागली की मग बांबूच्या टोपलीत, खाली-वर कोरडं फडकं घालून, एकावर एक. एका टोपलीत पंचवीसच, म्हणजे एका ओळीला एक टोपली. वाढप्याला मोजावं लागत नाही, आणि टोपली किती रिकामी झाली यावरून आचाऱ्यालाही हिशेब कळतो. दुसऱ्या वाढीसाठी वेगळ्या टोपल्यांत अर्ध्या कापून ठेवलेल्या पोळ्या. दुसऱ्यांदा अख्खी पोळी समोर धरली की माणूस एक तर ‘नको’ म्हणतो, नाहीतर भिडेखातर घेऊन अर्धी टाकतो. अर्धी पोळी धरली तर बहुतेक जण घेतात आणि संपवतात.

आमटी चाळीस लिटर धरली, मोठ्या माणसाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास. नऊ-दहा किलो डाळीला पाणी जास्त ठेवलं तर वीस-पंचवीस लिटर कट मिळतो. त्यात घोटलेली दीड किलो डाळ, भाजलेलं सुकं खोबरं, गोडा मसाला, ब्याडगी मिरचीचं तिखट, चिंच, थोडं पुरण आणि उरलेलं पाणी. कांदा-लसूण नसल्यामुळे खोबरं आणि मसाला नीट भाजलेला हवा, नाहीतर आमटी पाणचट लागते आणि द्रोणातच राहते. केळीच्या पानावर आमटी पळते म्हणून द्रोण हवाच, पण तो लहान, पाऊण वाटीचा. मोठा द्रोण असला की वाढपी तो भरतोच.

एकूण नासाडीत सर्वांत मोठा वाटा भाताचा असतो, म्हणून भाताचा बेत सगळ्यात बारकाईने केला. आपल्या भागात भातावर हात मारणारी माणसं आहेत. खानापूरपर्यंतचा हा सगळा भाताचा पट्टा. तरी पोळीच्या जेवणात माणशी नव्वद ग्रॅम तांदूळ पुरतो. अर्धी पानं वजा जाता दोनशे सत्तरच्या आसपास पूर्ण पानं होतात, म्हणजे चोवीस किलो. तांदूळ सोना मसुरी घेतला. यजमानांच्या घरी शेतातला इंद्रायणी होता आणि चवीला तो कितीतरी सरस. पण इंद्रायणीचा भात चिकट असतो, बादलीत त्याचा गोळा होतो, वाढप्याचा डाव अडतो आणि एका वेळी पानावर नको तेवढा पडतो. तो नैवेद्याला आणि घरच्यांच्या रात्रीच्या जेवणाला ठेवला.

चोवीस किलो एकदम शिजवायचा नाही. पंगतीमागे आठ-आठ किलोचे तीन वाटे केले. तांदूळ धुऊन निथळून ठेवलेला, आणि आधणाचं पाणी सतत उकळतं. आधण तयार असलं की अर्ध्या तासात भात खाली येतो. पहिल्या पंगतीचा भात बाराला, दुसरीचा पाऊणला. तिसऱ्या वाट्याबद्दल ठरवायचं दुसरी पंगत बसल्यावर, पानं मोजून.

पहिली मूद वाटीने पाडली, डावाने नाही. एका वाटीत नव्वद ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात बसतो. डावाने वाढलं की पहिल्या ओळीला भरपूर आणि शेवटच्या ओळीला कमी, असं होतंच. यजमानांना लहान मूद कंजूषपणाची वाटते आणि ही भावना मोडीत काढण्यासारखी नाही, पानावर आलेल्या माणसाचा मान त्यात असतो. त्यावर उपाय एकच: पहिली वाढ संपताक्षणी भाताची दुसरी बादली त्याच ओळीत पहिल्या पानापाशी उभी हवी. आग्रह करणारा माणूस समोर असला की लहान मूद कोणी लक्षात ठेवत नाही. वाढपी दहा मिनिटं दिसला नाही तर मात्र माणूस पुढच्या वेळी ‘अजून घाला’ म्हणून डोंगर वाढून घेतो, आणि नासाडी तिथे होते.

पानाच्या डाव्या बाजूत कोशिंबिरीने गोंधळ घातला असता. काकडीला मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं आणि ते पानावरून थेट कुरडईखाली जातं. म्हणून पंधरा किलो काकडी चोचवून, मीठ न घालता झाकून ठेवली, आणि दही, मीठ, कूट प्रत्येक पंगतीची पानं मांडताना पाच-पाच किलोत कालवलं. कुरडई-पापड सकाळीच तळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. वळीव आला तर हवा दमट होते आणि उघड्या परातीतली कुरडई अर्ध्या तासात चामट होते. मठ्ठ्याचं दही बाराला घुसळलं, सकाळी नाही. सकाळचा मठ्ठा दोनपर्यंत आंबट होतो.

खर्चाचा हिशेब त्या वेळच्या स्थानिक भावांनी असा पडला. खाण्याचा सगळा जिन्नस, धान्य, भाजी, दही, तेल, तूप, मसाले, कुरडई-पापड धरून, चौदा हजारांच्या आसपास. त्यात एकटं चार किलो तूपच सव्वीसशेचं. पानं, द्रोण, पाण्याचे जार आणि दोन मोठे सिलिंडर साडेसहा हजार. आचारी आणि मदतनीस साडेआठ हजार, पोळ्या नगावर ठरवून एकतीसशे, दहा वाढपी सहा हजार, भांड्यांचं भाडं साडेतीन. एकूण एकेचाळीस-बेचाळीस हजार, पानामागे एकशे चाळीसच्या आत. आधीची सोळा पदार्थांची यादी याच भावांनी चौसष्ट हजारांवर जात होती.

हा फरक बघताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिन्नस एकूण खर्चाचा फक्त तिसरा हिस्सा आहे आणि निम्मा खर्च माणसांचा आणि भांड्यांचा. हलक्या प्रतीचा तांदूळ किंवा वनस्पती तूप वापरून हजार-दीड हजार वाचतात, पण ते पानावर लगेच कळतं. भजी-पुरीची तळणी आणि सहा जास्तीचे वाढपी वगळल्याने जे वाचलं ते कोणाला दिसलंही नाही. म्हणून तूप साजूकच ठेवलं, आणि ते गरम करून छोट्या पळीने वाढलं. गरम तूप पोळीत मुरतं, गोठलेलं पानावर ढेकळासारखं पडून राहतं.

प्रत्यक्षात पहिल्या पंगतीला ब्याण्णव पानं उठली. पानं उचलताना आचाऱ्याने गोळा करणाऱ्या पोरांना टोपलं उलटं करायला लावलं नाही, फक्त पहिली वीस पानं स्वतः बघितली. लिंबाच्या फोडी जवळजवळ तशाच होत्या आणि कोशिंबीर निम्म्या पानांवर उरलेली. भात मात्र पानांवर फारसा नव्हता, बादलीत थोडा शिल्लक होता. दुसऱ्या पंगतीला लिंबाच्या चौथाईऐवजी अष्टमांश फोडी केल्या आणि कोशिंबिरीचा चमचा लहान घेतला. पोळी, भात, आमटी यांना हात लावला नाही. पहिल्या पंगतीवरून सगळीच मापं कमी करणं घातक ठरतं, कारण पहिल्या पंगतीत मुलं आणि म्हातारी माणसं जास्त असतात. कामाधंद्यावरून येणारी आणि पूजेत अडकलेली भुकेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीत बसतात.

दुसऱ्या पंगतीला पूर्ण शंभर बसले. मांडवाबाहेर उभी, पूजेपाशी बसलेली आणि अजून वाटेत असलेली माणसं मोजली तर चौऱ्याहत्तर निघाली, अधिक कामाची वीस. आठ किलोच्या तिसऱ्या वाट्याऐवजी सात किलो तांदूळ वैरला. एक किलो धुतलेला तांदूळ घरच्यांच्या रात्रीच्या भाताला गेला. आमंत्रण तीनशेंचं असलं तरी पाहुणे दोनशे सहासष्ट आले. सुट्टी, लग्नसराई आणि ऊन लक्षात घेता एवढी गळती अपेक्षितच होती. तरीही साहित्य दोनशे साठांचं भरून चालत नाही. तीनशेंची तयारी ठेवायची आणि शेवटचा हिस्सा कच्चा ठेवायचा.

तिसऱ्या पंगतीनंतर चौतीस पोळ्या, तीन-चार लिटर आमटी आणि अर्धी बादली भात उरला. हे ठरवूनच केलेलं होतं. अंदाज चुकणारच असेल तर तो पोळीत चुकावा, कारण पोळी दुसऱ्या दिवशीही तितकीच चांगली लागते आणि निघणाऱ्या पाहुण्याच्या हातात पुडी म्हणून देता येते. चौतीसच्या चौतीस अशाच गेल्या. आमटी साठ अंशांच्या वर, म्हणजे हात लावता येणार नाही इतकी गरम होती. ती लगेच घरी नेऊन उकळून ठेवली. भाताच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. गरम भात झाकलेल्या पातेल्यात दुपारभर कोमट राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. उरलेला भात कोणाला द्यायचा असेल तर तो खाली उतरल्यापासून दोन तासांच्या आत पोचून खाल्ला गेला पाहिजे. नाहीतर परातीत पातळ पसरून गार करून थेट फ्रीजमध्ये. इथे भात शेजारच्या बांधकामावरच्या कामगारांना तीनच्या आत पोचला, आमटीच्या एका किटलीसह.

दोन गोष्टी अजून सुधारता आल्या असत्या. मठ्ठा कमी पडला, कारण ऊन जास्त होतं आणि माणसांनी भाताआधीच दुसरा पेला मागितला. आठ किलो दह्याऐवजी अकरा-बारा हवं होतं, आणि मठ्ठा पाण्याबरोबर फिरवणारा तिसरा माणूस. आणि कैरीची डाळ दुपारी दोनपर्यंत कोरडी पडली. तिची फोडणी आणि कैरीचा कीस कोशिंबिरीसारखाच पंगतीगणिक घालायला हवा होता. भिजवलेली वाटली डाळ झाकून ठेवली, की बाकीचं काम दोन मिनिटांचं आहे.